पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी वृत्तालेख काढावा की ट्रीमॅप?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रभागातल्या नागरिकांच्या बैठकीसाठी मी पालिकेच्या अंदाजपत्रकाचा एक मोठा वृत्तालेख काढला होता. शाळेच्या पुस्तकात ज्याला वृत्तालेख म्हणतात तोच, बोलताना आपण ज्याला पाय चार्ट म्हणतो तो. एकोणीस शीर्षं, एकोणीस फाका, एकोणीस रंग, आणि उजवीकडे कोणता रंग कशाचा ते सांगणारी यादी. फ्लेक्सवर छापून भिंतीला लावला. पहिल्याच रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "दिवाबत्तीला किती ठेवलेत?" मी उत्तर शोधायला वळलो आणि माझ्याच चित्रात मला ते सापडेना. फिकट हिरवा उद्यानांचा, जरा गडद हिरवा दिवाबत्तीचा, आणि फ्लेक्सवाल्याच्या यंत्राने दोन्ही हिरवे एकच करून टाकले होते.

तेव्हापासून अंदाजपत्रक हातात आलं की चित्र काढण्याआधी मी काही गोष्टी ठरलेल्या क्रमाने करतो. तो क्रम इथे एका उदाहरणावर दाखवतो. नगरपरिषद कल्पित आहे आणि आकडे हिशोब सोपा जावा म्हणून मी रचलेले आहेत, पण अशा पुस्तिकेत जे खाचखळगे असतात ते सगळे त्यात ठेवलेत.

आधी "एकूण" म्हणजे काय ते ठरवा

ट्रीमॅप म्हणजे एका मोठ्या आयतात रकमेच्या प्रमाणात पाडलेले चौकोन, आणि गटाच्या चौकोनाच्या पोटात उपगटांचे चौकोन. वृत्तालेख आणि ट्रीमॅप या दोघांची एकच अट असते. सगळे तुकडे मिळून एक पूर्ण व्हायला हवं आणि कुठलाही रुपया दोनदा मोजलेला नसावा. ही अट पुस्तिकेतल्या शेवटच्या बेरजेने पुरी होईलच असं नाही, आणि नवखा माणूस पहिल्यांदा इथेच फसतो.

आपल्या नगरपरिषदेच्या पुस्तिकेत खर्चाच्या बाजूची बेरीज २५० कोटी आहे असं धरू. ती फोडली की आत हे निघतं. सर्वसाधारण निधीतून पाणीपुरवठ्याच्या खात्यात वळते केलेले २० कोटी आहेत. हे पैसे पाणी खात्यात पुन्हा खर्च म्हणून दिसतात, म्हणजे ते दोनदा मोजले गेलेत. अनामत रकमांचा परतावा आणि शासनाच्या वतीने वसूल करून शासनाकडे भरायचे शिक्षण कर, रोजगार हमी कर मिळून १६ कोटी आहेत. हा पैसा पालिकेच्या हातातून फक्त जातो. आणि अखेरची शिल्लक १४ कोटी आहे, जी खर्चच नाही. हे सगळं वजा केलं की खरा खर्च २०० कोटी उरतो.

फरक किरकोळ वाटेल, पण पाण्यावरचा खर्च ५२ कोटी असेल तर तो २५० मधला २०.८ टक्के होतो आणि २०० मधला २६ टक्के. चित्र तेच, वाक्य वेगळं. म्हणून चित्राच्या खाली एक ओळ लिहाच: काय वगळलं आणि किती.

मोठ्या महापालिकेतही हेच बघावं लागतं. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सगळीकडे ७४,४२७.४१ कोटींचं म्हणून सांगितलं गेलं. त्यात नव्या कामांचा म्हणजे भांडवली खर्च ४३,१६२.२३ कोटी, रोजचा कारभार चालवायचा म्हणजे महसुली खर्च ३१,२०४.५३ कोटी आणि शिल्लक ६०.६५ कोटी. इथे शिल्लक इतकी छोटी आहे की वर्तुळात ती पाव अंशाहून थोडी जास्त भरेल, छापील रेघेच्या जाडीत हरवेल. तिथे चित्र बिघडत नाही. पण छोट्या पालिकेत मागच्या वर्षीची न झालेली कामं आणि अडकलेले अनुदान यांमुळे शिल्लक बरीच मोठी असू शकते, आणि मग ती "खर्चाची" एक जाडजूड फाक बनून बसते.

आणखी दोन गोष्टी इथेच उरकून घ्या. पुस्तिकेतले आकडे रुपयांत आहेत, हजारांत की लाखांत, हे पानाच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं. एका भागात लाख आणि दुसऱ्यात हजार असं मी पाहिलेलं आहे. आणि पीडीएफ जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर मजकूर कॉपी करून चिकटवला की अगम्य इंग्रजी अक्षरं उमटतात. शीर्षांची नावं हाताने टंकणं हाच त्यावर सरळ उपाय. टंकताना आकडे मात्र इंग्रजी अंकांत घाला. देवनागरी अंक स्प्रेडशीटला बहुधा मजकूर वाटतात. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटला आणि `SUM` ने शून्य दाखवलं, तर तो आकडा नाही, मजकूर आहे.

आपले २०० कोटी

आता गट करू. पाणी व मलनिस्सारण ५२ कोटी, वेतन व निवृत्तिवेतन ४८, रस्ते व बांधकाम ४४, आरोग्य व घनकचरा ३०, दिवाबत्ती ९, शिक्षण ८, उद्याने व क्रीडांगणे ५ आणि कल्याणकारी योजना ४. बेरीज २००.

या प्रत्येकाच्या पोटात उपशीर्षं आहेत. पाण्याच्या ५२ मध्ये नव्या पाणी योजनेचं काम ३०, पंपांचं वीजबिल १२, देखभाल ६ आणि गटारयोजना ४. रस्त्यांच्या ४४ मध्ये नवे रस्ते २६, खड्डे-डागडुजी ८, नाले व पूल ६, इमारती ४. वेतनाच्या ४८ मध्ये पगार ३४ आणि निवृत्तिवेतन १४. आरोग्याच्या ३० मध्ये कचरा संकलनाचा ठेका १६, कचऱ्यावरची प्रक्रिया ७, दवाखाने ५, डासांसाठी फवारणी २. दिवाबत्तीत वीजबिल ६ आणि दुरुस्ती ३. बाकीचे छोटे गट याच पद्धतीने.

चित्राला कोणता प्रश्न विचारला जाणार आहे?

चित्राचा प्रकार निवडण्याआधी एक वाक्य लिहून काढा: बघणाऱ्याने या चित्रातून काय सांगता आलं पाहिजे? हे वाक्य लिहिता आलं नाही तर चित्र कुठलंही काढा, ते माझ्या फ्लेक्ससारखंच होईल.

"पालिकेच्या प्रत्येक रुपयातले किती पैसे कशावर जातात?" हा एक प्रश्न. वर्तमानपत्रांत अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी रुपयाचं नाणं कापून दाखवतात तोच. याला एकच पातळी लागते आणि चार-पाच तुकडे पुरतात. हे वर्तुळाचं काम.

"पाण्याला इतके ठेवलेत ते नेमके कशासाठी, आणि ते बाकीच्यांच्या मानाने केवढे?" हा दुसरा प्रश्न. यात गट आहे आणि गटाच्या पोटात उपगट आहेत. हे ट्रीमॅपचं काम.

"मागच्या वर्षापेक्षा रस्त्यांचे वाढले का?" हा प्रश्न असेल तर वर्तुळ आणि ट्रीमॅप दोन्ही सोडा आणि साधे आडवे स्तंभ काढा. दोन वर्षांची दोन वर्तुळं शेजारी ठेवली की डोळा नुसता भिरभिरतो. दोन ट्रीमॅप ठेवले तर अजून वाईट, कारण चौकोन कुठे बसवायचा हे सॉफ्टवेअर आकारावरून ठरवतं. रस्त्यांचे पैसे जरा कमी-जास्त झाले की तो चौकोन उडी मारून दुसऱ्या कोपऱ्यात जातो.

वर्तुळ काढायचं असेल तर

दहावीचं सूत्र आठवा: घटकाला एकूणाने भागा आणि ३६० ने गुणा. पाणी ९३.६ अंश, वेतन ८६.४, रस्ते ७९.२, आरोग्य ५४. आता उरलेले चार गट बघा. दिवाबत्ती १६.२ अंश, शिक्षण १४.४, उद्याने ९, कल्याणकारी ७.२. घड्याळातलं एक मिनिट म्हणजे ६ अंश. कल्याणकारी योजनांची फाक एका मिनिटाहून थोडी रुंद, आणि तिच्यात नाव लिहायचं झालं तर अक्षर मुंगीएवढं करावं लागेल. म्हणून हे चारही "इतर" मध्ये घाला: २६ कोटी, ४६.८ अंश. पाच फाका झाल्या. माझ्या हिशोबाने वर्तुळाची मर्यादा इथेच येते. सहावी चालेल, सातवीला मी वर्तुळ सोडतो.

वर्तुळाची खरी ताकद कुठे आहे? पाव, निम्मा आणि पाऊण ओळखण्यात. पाण्याची फाक काटकोनापेक्षा जरा मोठी आहे, हे बघताक्षणी कळतं, म्हणजे "पाव रुपयाहून जास्त पाण्याला" हे वाक्य आपोआप तयार होतं. मुंबईच्या त्याच २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात भांडवली खर्च ५८ टक्के आणि महसुली ४२ टक्के. दोन फाकांचं वर्तुळ, आणि निम्म्याहून जास्त भांडवली कामांना ठेवलंय हे लहान मूलही सांगेल. असा प्रश्न असेल तर ट्रीमॅपच्या नादाला लागू नका.

वर्तुळाची कमजोरीही याच आकड्यांत आहे. पाणी २६ टक्के आणि वेतन २४ टक्के, दोघांत फक्त ७.२ अंशांचा फरक. शेजारी शेजारी असतील तर कदाचित कळेल, मध्ये दुसरी फाक आली तर नाही. म्हणून टक्के फाकेतच छापा. रंगांची यादी वेगळी देऊ नका. बघणाऱ्याला चित्र आणि यादी यांच्यात येरझाऱ्या घालायला लावणं हाच माझ्या फ्लेक्सचा दोष होता.

एक्सेलमध्ये काढताना आधी रकमा मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून घ्या, "इतर" मात्र शेवटी ठेवा, भले ते शेवटून दुसऱ्यापेक्षा मोठं का असेना. `Angle of first slice` शून्यावर असू द्या, म्हणजे पहिली फाक बाराच्या काट्यापासून सुरू होते. आणि त्रिमिती वर्तुळ नकोच. तिरक्या थाळीत आपल्या बाजूची फाक तिच्या कडेसकट दिसते म्हणून मोठी भासते, पलीकडची चेपली जाते. पालिकेच्या फलकांवर हे सर्रास दिसतं. कुणी मुद्दाम करत असेल असं नाही, पण पुढे ठेवलेल्या शीर्षाचं भलं होतं खरं.

ट्रीमॅप: एक कोटी म्हणजे एक चौरस सेंटिमीटर

ट्रीमॅप पहिल्यांदा समजून घ्यायचा तर संगणक बंद ठेवा आणि आलेखाचा कागद घ्या. २० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर उंच आयत आखा. क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपला प्रत्येक कोटी एक चौरस सेंटिमीटर.

डावीकडून पाण्याची पट्टी घ्या: ५२ चौरस सेंटिमीटर हवेत, उंची १०, म्हणून रुंदी ५.२. त्याच पट्टीच्या आत वरून पाणी योजनेसाठी ३० चौरस सेंटिमीटर कापा. खाली पंपांचं बिल, देखभाल, गटारयोजना. शेजारी वेतनाची ४.८ रुंदीची पट्टी, मग रस्त्यांची ४.४, आरोग्याची ३, आणि शेवटच्या २.६ सेंटिमीटरमध्ये चारही छोटे गट एकावर एक. "इतर" करायची गरज पडली नाही, हे लक्षात आलं असेल. कल्याणकारी योजनांना ४ चौरस सेंटिमीटर मिळाले, २.६ रुंद आणि दीड उंच. नाव बसतं.

मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांनी १९९० च्या सुमारास हा प्रकार शोधला तो अशाच कटकटीतून. त्यांच्या प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एकच हार्ड डिस्क चौदा जण मिळून वापरत, ती सारखी भरायची, आणि जागा कुणी अडवलीय ते कळेना. फोल्डरच्या आत फोल्डर आणि त्याच्या आत फायली. अंदाजपत्रकात शीर्षाच्या आत उपशीर्ष असतं, तसंच. त्यांच्या सुरुवातीच्या रीतीत आपण आत्ता केल्या तशा पट्ट्याच पडत. पट्ट्या फार लांबट झाल्या की डोळ्याला क्षेत्रफळाचा अंदाज येत नाही. म्हणून २००० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चौकोन शक्य तितके चौरसाकडे झुकतील अशी मांडणी काढली. आजची सॉफ्टवेअरं साधारण तीच वापरतात.

आता कागदाकडे परत बघा. पाणी योजनेचा एकटा चौकोन ३० कोटींचा आहे आणि पलीकडे आरोग्य व घनकचऱ्याची अख्खी पट्टीही ३० कोटींचीच. एक काम आणि एक पूर्ण विभाग, दोन्ही सारखे. वर्तुळात हे दिसूच शकत नाही, कारण तिथे पाण्याची एकच फाक असते. ट्रीमॅप काढायचा तो अशा गोष्टीसाठी: एखादा पोटातला तुकडा दुसऱ्या संपूर्ण गटाएवढा निघतो तेव्हा. तुमच्या अंदाजपत्रकात असं काही नसेल, सगळे उपगट बारीक आणि एकसारखे असतील, तर ट्रीमॅपने नुसती फरशी दिसेल. मग वर्तुळ किंवा स्तंभच बरे.

ट्रीमॅप जिथे फसवतो

क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये माणसं आलेखातून आकडे किती अचूक वाचतात याचे प्रयोग मांडले. त्यांनी लावलेल्या क्रमात एकाच पट्टीवरची जागा सगळ्यांत अचूक वाचली जाते, लांबी आणि कोन त्याखाली, आणि क्षेत्रफळ त्याहून खाली. म्हणजे वर्तुळ वाईट आणि ट्रीमॅप चांगला असं जे म्हटलं जातं ते अर्धवट आहे. नुसतं माप वाचायचं तर ट्रीमॅप वर्तुळापेक्षाही कच्चा. कागदावर ६ गुणिले २ चा आणि ३ गुणिले ४ चा असे दोन चौकोन काढा आणि घरात कुणालाही दाखवा. दोन्ही बाराच आहेत, पण दोघं सारखे आहेत असं पटकन म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून ट्रीमॅपमध्येही रक्कम चौकोनातच लिहायची.

दुसरी फसवणूक जास्त खोल आहे, कारण ती चित्रात दिसत नाही. ट्रीमॅप एकाच प्रकारची गटवारी दाखवू शकतो, आणि गट तुम्ही पाडलेले असतात. आपल्या उदाहरणात पंपांचं वीजबिल १२ कोटी पाण्यात आहे आणि पथदिव्यांचं ६ कोटी दिवाबत्तीत. दोन्ही मिळून १८. शिक्षण, उद्याने आणि कल्याणकारी योजना या तिन्ही गटांची बेरीज १७. म्हणजे ही नगरपरिषद या तिन्हींवर मिळून जेवढं खर्च करते त्याहून जास्त विजेवर करते, आणि आपल्या सुबक ट्रीमॅपमध्ये ही गोष्ट पूर्ण लपलेली आहे, कारण विजेचे दोन तुकडे दोन टोकांना आहेत.

पगाराचंही तेच. आपण वेतनाचा वेगळा गट केला. समजा ३४ कोटी पगारातले १५ कोटी सफाई कामगारांचे आहेत. ते आरोग्य व घनकचऱ्याकडे नेले तर तो गट ३० वरून ४५ कोटींवर जातो, १५ टक्क्यांवरून साडेबावीस टक्क्यांवर. "पालिका स्वच्छतेवर फारसं खर्च करत नाही" असं म्हणायचं असेल तर पहिली मांडणी सोयीची, उलट म्हणायचं असेल तर दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. मला विचाराल तर विभागवार पगाराचे आकडे मिळत असतील तर ते विभागांत वाटून टाकावेत, कारण झाडू मारणाऱ्या माणसाचा पगार हाच स्वच्छतेचा खर्च असतो. आकडे मिळाले नाहीत तर वेतनाचा गट वेगळा ठेवा आणि चित्राखाली तसं लिहा. अंदाजाने वाटू नका.

संगणकावर काढताना

एक्सेल २०१६ पासून ट्रीमॅप आतच आहे. तीन स्तंभ करा: गट, उपशीर्ष, कोटी. गटाचं नाव त्याच्या प्रत्येक ओळीत लिहा. मग `Insert` मध्ये `Insert Hierarchy Chart`, त्यात `Treemap`. गटाचं नाव चौकोनांवर तरंगतं. ते `Format Data Series` मध्ये जाऊन `Banner` करा, म्हणजे वर वेगळी पट्टी येते आणि आतली नावं मोकळी होतात. `Legend` काढून टाका. रक्कम दाखवायची तर `Data Labels` मध्ये `Value` वर खूण करा.

एक्सेलची एक खोड: चौकोनात नाव मावलं नाही की तो ते गुपचूप गाळतो. चित्र नीटनेटकं दिसतं आणि दोन-तीन चौकोन निनावी राहतात. चौकोन मोजा आणि नावं मोजा. जुळले नाहीत तर उपशीर्षाचं नाव छोटं करा. "डास प्रतिबंधक औषध फवारणी व अनुषंगिक खर्च" याचं "डास फवारणी" केलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

गूगल शीट्सची मांडणी वेगळी असते. तिथे प्रत्येक ओळीत नाव, त्याचा वरचा गट आणि रक्कम लागते, आणि सगळ्यांच्या वर एकच मूळ लागतं:

```
नाव,गट,कोटी
एकूण खर्च,,
पाणी,एकूण खर्च,
दिवाबत्ती,एकूण खर्च,
पाणी योजना,पाणी,30
पंपांचे वीजबिल,पाणी,12
पथदिव्यांचे वीजबिल,दिवाबत्ती,6
दिव्यांची दुरुस्ती,दिवाबत्ती,3
```

इथे दोन्ही ठिकाणी नुसतं "वीजबिल" लिहिलं तर गडबड होते, कारण एकाच नावाच्या दोन ओळी त्याला चालत नाहीत. "देखभाल", "इतर", "किरकोळ" ही नावं अंदाजपत्रकात दर दोन पानांनी येतात, त्यामुळे ही चूक होतेच होते. नावात विभाग जोडला की प्रश्न मिटतो.

पायथनमध्ये चित्र काढणाऱ्यांसाठी एवढंच: मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. "दिवाबत्ती" मधला "दि" आणि "त्ती" बघा, तिथेच कळेल. प्लॉटली ब्राउझरमध्ये चित्र काढतं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

रंगांबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. ट्रीमॅपमध्ये एका गटाला एक रंग. गेल्या वर्षीच्या तरतुदीतला किती टक्के पैसा प्रत्यक्षात वापरला हे रंगाच्या गडदपणाने दाखवायचा मोह होतो, आणि ते चित्र खरंच बोलकं असतं, पण मग गटांचे रंग सोडून द्यावे लागतात. एका रंगाने दोन गोष्टी सांगू नका.

चित्र कुठे बघितलं जाणार?

आपला २० बाय १० चा कागद मोबाइलवर सात सेंटिमीटर रुंद होतो. उंची साडेतीन. २०० कोटी साडेचोवीस चौरस सेंटिमीटरमध्ये कोंबले गेले. डास फवारणीच्या २ कोटींना पाव चौरस सेंटिमीटरही मिळत नाही, जेमतेम पाच मिलिमीटरची चौकट. लोक अंदाजपत्रकाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरच बघतात, त्यामुळे हीच खरी परीक्षा. त्यासाठी उभा ट्रीमॅप काढा. ७ बाय १० मध्ये त्याच दोन कोटींना ०.७ चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे साधारण आठ मिलिमीटरची बाजू. तरी नाव बसलं नाही तर मोबाइलसाठी दोन चित्रं करा: पहिलं पाच फाकांचं वर्तुळ, त्याखाली ज्या गटाबद्दल बोलायचंय तेवढ्याच गटाचा ट्रीमॅप. मी अलीकडे बहुतेक वेळा हेच करतो.

भिंतीवरच्या फ्लेक्सला जागेची अडचण नसते, रंगांची असते. छापायला देण्याआधी चित्र कृष्णधवल करून बघा. गटांच्या सीमा तरीही दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर चौकोनांमध्ये जाड पांढरी रेघ सोडा.

आणि मग चित्र घरातल्या कुणाला तरी दाखवा, ज्याला अंदाजपत्रकात रस नाही अशा माणसाला. दहा मोजा, चित्र उलटं करा आणि विचारा, "सगळ्यांत जास्त पैसे कशाला?" दुसरा प्रश्न चित्र समोर ठेवून: "दिवाबत्तीला किती?" पहिल्याचं उत्तर आलं नाही तर गट जास्त झालेत. दुसऱ्याचं उत्तर शोधायला बोट चित्र आणि यादी यांच्यात फिरायला लागलं तर नावं आत आणा. माझ्या बायकोने गेल्या वर्षी माझा ट्रीमॅप बघून विचारलं होतं, "हा एवढा मोठा 'किरकोळ' कसला?" मी पुस्तिका पुन्हा उघडली. मी वगळायला विसरलेली ती अनामत होती.